सहा सेकंदांचं सॅम्पल: कॉपीराइटच्या पेपरातलं एक सोलापुरी प्रकरण

आधी प्रश्न नीट वाचू, मग उत्तराकडे वळू. कॉपीराइटच्या पेपराच्या तयारीसाठी मी हा प्रश्न पोरांना सोडवायला देतो. सगळा काल्पनिक आहे, पण सोलापुरात वाढलेल्याला ऐकल्यासारखा वाटेल.

१९९८ साली सोलापुरातल्या एका कॅसेट कंपनीने गिरणी कामगारांवर एक गाणं काढलं. शब्द एका कवीचे, चाल एका संगीतकाराची, दोघंही कंपनीच्या नोकरीत नव्हते, गाण्यामागे ठरलेले पैसे घेऊन काम करायचे. स्टुडिओ, वादक, गायिका, सगळा खर्च कंपनीचा. मुखडा असा की गिरणीचा भोंगा कधी थांबायचा नाही आणि चिमणीचा धूर कधी विझायचा नाही. कवी आणि संगीतकार दोघांनी एका पानाच्या स्टॅम्पपेपरवर सही केली, त्यात 'या गाण्याचे सर्व हक्क कंपनीला दिले आहेत' एवढंच, किती वर्षांसाठी ते नाही, कुठल्या प्रदेशासाठी ते नाही. कवी २००६ मध्ये वारले, मागे मुलगी आहे. संगीतकार हयात आहेत.

ऑगस्ट २०२४, गणपती तोंडावर आलेले. एका तरुण म्युझिक प्रोड्युसरने, गल्लीत सगळे त्याला डीजेच म्हणतात तर आपणही तेच म्हणू, घरातल्या जुन्या कॅसेटवरून सहा सेकंद उचलले. मुखड्याची शेवटची ओळ आणि तिच्याखाली वाजणारी हलगी. स्पीड तोच ठेवून पिच वर नेली, आणि तो तुकडा नव्या ट्रॅकमध्ये १४ वेळा लूप केला. मूळ गाणं ४ मिनिटं ४० सेकंदांचं, नवा ट्रॅक ३ मिनिटं १० सेकंदांचा. ट्रॅकच्या मध्यात त्याने स्वतः लिहिलेलं रॅपचं एक कडवं आहे, त्यात तो त्या मुखड्यालाच उत्तर देतो की तुम्ही म्हणालात भोंगा थांबायचा नाही, तो थांबला, माझा आजा त्याच दारातून रिकाम्या हाताने घरी आला. परवानगी म्हणून डीजेने मूळ गायिकेला ५,००० रुपये पाठवले आणि ती 'वापर की बाळा' म्हणाली. ट्रॅक अपलोड झाला, विसर्जन मिरवणुकीत वाजला, ऑनलाइन ऐकला जाऊन १,४०,००० रुपये मिळाले, आणि दिवाळीत एका चादरीच्या दुकानाने २५,००० देऊन तो आपल्या जाहिरातीच्या रीलवर लावला. कंपनीला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. नोव्हेंबरमध्ये नोटीस गेली की शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग तिन्ही आमचं, १० लाख द्या. मार्च २०२५ मध्ये दावा. आता डीजेचे बचाव कुठले आणि कंपनीला काय मिळेल ते सांगा.

बहुतेक उत्तरपत्रिका इथून थेट फेअर डीलिंगवर, म्हणजे परवानगीशिवाय पण न्याय्य वापर केला या बचावावर, उडी मारतात आणि तिथेच घात होतो. आधी उचललं काय आणि ते कुणाचं हे ठरल्याशिवाय बचाव कशाविरुद्ध घेतोय हेच कळत नाही. त्या सहा सेकंदांत तीन वेगळी कामं आहेत. शब्द हे साहित्यकृती, कारण कॉपीराइट कायदा १९५७ च्या व्याख्येत संगीतकृतीमधून गायचे शब्द मुद्दाम वगळलेत. चाल ही संगीतकृती. आणि ते प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत त्या बाईच्या गळ्यातून आणि त्या हलगीतून निघून टेपवर गेलेला आवाज, ही तिसरी स्वतंत्र कृती. तिचा लेखक कायद्याने निर्माता असतो, म्हणजे कंपनी.

म्हणजे रेकॉर्डिंग कंपनीचंच, त्यात वाद नाही. प्रकाशन १९९८ चं, कलम २७ प्रमाणे पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं, २०५८ संपेपर्यंत संरक्षण. पण शब्द आणि चाल? दोघं नोकर नसल्याने कलम १७ खाली पहिले मालक तेच. मग स्टॅम्पपेपर येतो, आणि या प्रश्नातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच आहे. कलम १९(५) म्हणतं की हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि १९(६) म्हणतं की प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरायचं. ही पोटकलमं १९९४ च्या दुरुस्तीने आली, ती मे १९९५ पासून लागू, आपला कागद १९९८ चा, म्हणजे नियम लागतो. 'सर्व हक्क' कितीही ठसठशीत लिहिलं तरी मुदत नसेल तर ते २००३ मध्ये संपलं आणि शब्द कवीकडे, चाल संगीतकाराकडे परत गेली. कवी गेल्यावर शब्दांचा हक्क मुलीकडे, आणि तो कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, २०६६ संपेपर्यंत चालेल.

मग कंपनीच्या नोटिशीतला दोन तृतीयांश भाग हवेत आहे. ती फक्त रेकॉर्डिंगपुरता दावा करू शकते. शब्दांसाठी मुलगी, चालीसाठी संगीतकार, हे स्वतंत्र वादी आहेत आणि या दाव्यात ते आलेलेच नाहीत. डीजेच्या वकिलाने हे पहिल्याच पानावर लिहायला पाहिजे, कारण नुकसानभरपाईचा आकडा इथेच खाली येतो.

आणि गायिकेची परवानगी? तिचा कलाकार म्हणून हक्क आहे, कलम ३८ पासून पुढे, आणि तिने हो म्हटल्याने तिच्याकडून तक्रार येणार नाही हे खरं. पण जे तिचं नाही ते ती देऊ शकत नाही. रेकॉर्डिंग कंपनीचं, शब्द आणि चाल दुसऱ्यांची. आपल्याकडे हे रोज होतंय, पोरगं प्रामाणिकपणे विचारायला जातं आणि ज्याचा आवाज ओळखीचा त्यालाच विचारतं, कारण गाणं म्हटलं की गाणारा डोळ्यासमोर येतो. ते ५,००० रुपये बचावात कामी येत नाहीत, पण पुढे फौजदारी बाजूला येतात, तिथे बघू.

आता उल्लंघन झालं का. कलम १४(ई) खाली ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एकट्याला हक्क आहे की ते रेकॉर्डिंग सामावून घेणारं दुसरं रेकॉर्डिंग करायचं. सॅम्पलिंगला याहून नेमकं बसणारं वाक्य कायद्यात सापडणार नाही. पण कलम १४ च्या सुरुवातीलाच 'कृती किंवा तिचा भरीव भाग' असे शब्द आहेत आणि ते खालच्या सगळ्या प्रकारांना लागतात, ध्वनिमुद्रणालाही. म्हणून प्रश्न उरतो की ४ मिनिटं ४० सेकंदांतले सहा सेकंद भरीव आहेत का.

इथे परदेशातले निकाल डोक्यात घोळ घालतात. अमेरिकेत २००५ च्या ब्रिजपोर्ट प्रकरणात कोर्ट म्हणालं की रेकॉर्डिंगमधून सॅम्पल घ्यायचं तर लायसन्स घ्या नाहीतर घेऊ नका, कितीही छोटं असो. मग २०१६ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या अपील कोर्टाने मॅडोनाच्या गाण्यातल्या हॉर्नच्या पाव सेकंदाच्या आवाजाबद्दल बरोबर उलटं सांगितलं. युरोपियन कोर्टाने २०१९ मध्ये क्राफ्टवर्कच्या दोन सेकंदांबद्दल म्हटलं की कानाला ओळखू येणार नाही इतकं बदलून वापरलं तर ते पुनरुत्पादनच नाही. उत्तरात हे लिहायला हरकत नाही, पण ब्रिजपोर्टचा निकाल अमेरिकन कायद्याच्या एका विशिष्ट कलमाच्या भाषेवर उभा आहे, आणि आपल्या कलम १४ मध्ये भरीव भागाची अट शब्दांत लिहिलेली आहे, त्यामुळे तो उचलून इथे लावता येत नाही. एवढं एक वाक्य लिहिलं की परीक्षकाला कळतं पोराने कायदा वाचलाय.

भारतात भरीव म्हणजे घड्याळ लावून मोजायचं नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, सुप्रीम कोर्ट १९७८, तिथून चालत आलेली कसोटी ही की सामान्य प्रेक्षकाला किंवा श्रोत्याला दुसरी कृती बघून पहिलीचीच नक्कल वाटते का. आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं २००८ चं राम संपत विरुद्ध राजेश रोशन हे प्रकरण तर या प्रश्नासाठीच असल्यासारखं आहे, जाहिरातीसाठी केलेल्या ट्यूनचा छोटासा तुकडा सिनेमाच्या गाण्यांत आला होता, आणि कोर्टाने 'एवढासाच तर आहे' म्हणून सोडलं नाही, उचललेला भाग मूळ कृतीचा जीव आहे का आणि ऐकल्यावर मूळ आठवतं का हे बघितलं आणि मनाई दिली. ते प्रकरण चालीचं होतं, रेकॉर्डिंगचं नाही, हा फरक उत्तरात लिहायचा, पण विचार तोच चालतो.

आपल्या डीजेने मुखड्याची शेवटची ओळ उचलली, म्हणजे जी ओळ लोकांच्या तोंडात बसलीय ती. गाण्याच्या मधल्या म्युझिकमधून हलगीचे दोन ठोके उचलले असते तर चित्र वेगळं असतं. शिवाय नव्या ट्रॅकमध्ये ६ सेकंद गुणिले १४, म्हणजे ८४ सेकंद, १९० सेकंदांच्या ट्रॅकमधला जवळपास ४४ टक्के भाग त्या तुकड्यावर उभा आहे. तांत्रिकदृष्ट्या भरीव भाग मूळ कृतीच्या तुलनेत मोजायचा, नव्या कृतीच्या नाही, पण हे ४४ टक्के पुढे नफ्याची वाटणी करताना लागतील म्हणून बाजूला लिहून ठेवा. पिच वर नेल्याने काही फरक पडत नाही, मिरवणुकीत नाचणाऱ्या पन्नाशीच्या बायकांनी ती ओळ पहिल्या ठोक्याला ओळखली असं प्रश्नात घातलं तर कसोटी तिथेच पूर्ण होते.

क्षुल्लकपणाचा बचावही इथेच येतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्समध्ये म्हटलं की अगदी किरकोळ वापर फेअर डीलिंगच्या चौकटीत घालायच्या आधीच क्षुल्लक म्हणून सोडता येतो, नुकसान किती आणि कसलं, हेतू काय, निवाडा करण्याचा खर्च किती, असे मुद्दे बघून. पण तिथे गायिकेने मुलाखतीच्या कार्यक्रमात आपण गायलेल्या गाण्यांच्या काही ओळी गाऊन दाखवल्या होत्या. आपल्याकडे ओळ ट्रॅकचा कणा आहे आणि त्यावर पैसे आलेत. हा बचाव मांडा, पण दोन ओळींत मांडून पुढे जा. आणि तीस सेकंदांपर्यंत चालतं हा जो समज व्हॉट्सअॅपवर फिरतो तो कुठल्याच कलमात नाही, सात सेकंद नाही, तीस सेकंद नाही, कृपा करून पेपरात लिहू नका.

आता फेअर डीलिंग. कलम ५२(१)(ए) मध्ये तीनच हेतू आहेत: खासगी किंवा वैयक्तिक वापर, त्यात संशोधन आलं, टीका किंवा समीक्षा, त्या कृतीची किंवा दुसऱ्या कुठल्याही कृतीची, आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन. बस. अमेरिकेचा फेअर यूज उघडा आहे, तिथे नवीन अर्थ दिला, रूपांतर केलं, एवढ्यावर वाद सुरू करता येतो. आपल्याकडे आधी या तीन दारांपैकी एका दारातून आत यायचं, मग वापर न्याय्य होता का हे बघायचं. डीजेने ट्रॅक पूर्ण बदलला, तरुणांपर्यंत नेला, हलगीला नवीन जन्म दिला, हे सगळं मला मनापासून मान्य आहे पण ते दार नाही.

खासगी वापराचं दार अपलोडच्या क्षणाला बंद होतं. घरच्या लॅपटॉपवर सॅम्पल कापून स्वतःसाठी खेळत बसला असता तर ठीक. मुंबई उच्च न्यायालयात २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात डाउनलोडची सोय देणाऱ्या कंपनीने ग्राहकाचा खासगी वापर असल्याचा आधार घ्यायचा प्रयत्न केला, तो चालला नाही, धंदा तुमचा आणि खासगीपणा दुसऱ्याचा असं होत नाही. वृत्तांकनाचा तर इथे संबंधच नाही.

उरली टीका, आणि इथे थांबून नीट विचार करायला पाहिजे, कारण प्रश्न रचताना रॅपचं कडवं उगाच घातलेलं नाही. गिरण्या बंद पडल्या याबद्दलचा राग ही समाजावरची टीका झाली, आणि समाज ही काही 'कृती' नाही. कडवं नुसतंच तसं असतं तर दार बंद. पण डीजे त्या मुखड्यालाच उलट बोलतोय. ते गाणं भोंग्याचं कौतुक करत होतं, आश्वासन देत होतं, आणि हा तेच आश्वासन त्याच आवाजात ऐकवून त्याला खोटं ठरवतोय. इंग्लंडमध्ये १९७२ च्या हबर्ड विरुद्ध व्होस्पर या प्रकरणात कोर्टाने मानलं की कृतीवरची टीका म्हणजे तिच्या भाषेवरचीच नव्हे, तिच्यातल्या विचारावरचीही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा प्रकरणात हाच धागा पुढे नेला, तिथे एका गाजलेल्या मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून दुसरं नाटक लिहिलं होतं, त्यात मूळ नाटकातले प्रसंग आणि संवाद घेतले होते, आणि कोर्टाने ते टीकेसाठी आहे असं मानून प्रयोगावरची बंदी उठवली. कसोटी तीन मुद्द्यांची: किती आणि किती मोलाचं घेतलं, कशासाठी घेतलं, आणि दोन्ही कृती एकमेकांच्या धंद्यावर येतील का.

म्हणून सोलापूरच्या या पोराला मी टीकेच्या दारातून आत घेईन. पण आत आल्यावर न्याय्यपणा लूप-लूपने तपासावा लागेल, आणि सगळ्या उत्तरपत्रिकांत कमी पडणारी गोष्ट हीच. १४ पैकी कडव्यात किती? समजा प्रश्नाला जोडलेल्या तक्त्यात दिलंय की दोन. त्या दोन ठिकाणी ओळ वाजते, बंद पडते, आणि रॅप तिला उत्तर देतो. हे १२ सेकंद मला टीकेसाठी गरजेचे वाटतात, ज्याला उत्तर द्यायचं तो आवाज ऐकवल्याशिवाय उत्तर लागतच नाही. बाकीच्या १२ लूपमध्ये, म्हणजे ७२ सेकंदांत, ओळ फक्त नाचायला आहे. तिथे टीका नाही, ती हुक आहे, म्हणजे कानात बसून श्रोत्याला धरून ठेवणारी ओळ, आणि हुकसाठी लायसन्स घेतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त घेतलं, पैसे मिळवले, आणि जुन्या गाण्याच्या रिमिक्सचं लायसन्स विकायचा कंपनीचा जो धंदा आहे नेमक्या त्याच बाजारात फुकट उतरला. माझं उत्तर, बचाव त्या दोन लूपपुरता जिवंत, पूर्ण ट्रॅकसाठी पडतो. दुसरा परीक्षक संपूर्ण ट्रॅक एकच कृती आहे, तुकडे करू नका म्हणेल, आणि तोही वाद चालतो, पण बाजू घेऊन कारण लिहा.

चादरीच्या दुकानाच्या जाहिरातीत तर कडवंच नव्हतं, फक्त हुक. तिथे एकही दार उघडत नाही, आणि दुकानदार स्वतंत्र प्रतिवादी होऊ शकतो.

मिरवणुकीचं काय? इथे हुशार पोरं कलम ५२(१)(झेडए) काढतात आणि मला बरं वाटतं. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात संगीत सादर करणं किंवा ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवणं हे उल्लंघन नाही, आणि लग्नाची वरात आणि लग्नातले बाकीचे समारंभही त्यात धरलेत. विसर्जन मिरवणूक धार्मिक समारंभ आहे असं म्हणायला चांगली जागा आहे. पण हे कलम वाजवण्याला लागतं, नवीन रेकॉर्डिंग बनवण्याला नाही. मिरवणुकीत ट्रॉलीवर वाजवणाऱ्या मंडळाला ते वाचवेल, घरी बसून सॅम्पल कापून अपलोड करणाऱ्याला नाही. गणपतीसाठीच केलं होतं हो, असं डीजे कितीही म्हणाला तरी.

कव्हर व्हर्जनचं कायदेशीर लायसन्स, कलम ३१सी, त्याचंही नाव निघतं. ते नव्याने गाऊन-वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगसाठी आहे, आधी नोटीस आणि ठरलेली रॉयल्टी भरून, पहिल्या रेकॉर्डिंगनंतर ५ वर्षांनी, आणि कृतीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल न करता. कुणाच्या टेपवरचा आवाज कापून घ्यायला ते नाहीच.

आता कंपनीला काय मिळेल. दावा जिल्हा पातळीवरच्या कमर्शियल कोर्टात, कंपनीचं ऑफिस सोलापुरात आणि डीजेही सोलापूरचाच म्हणजे अधिकारक्षेत्राचा वाद नाही. पहिली मागणी तात्पुरती मनाई, आणि इथे कंपनीचा उशीर तिच्या अंगावर येतो. सप्टेंबरमध्ये कळलं, दावा मार्चमध्ये, सहा महिने कोर्टात न आलेल्याला भरून न येणारं नुकसान होतंय असं म्हणणं जड जातं. शिवाय कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे तातडीचा दिलासा मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची, आणि तातडी होती तर मार्चपर्यंत कुठे होता हे कोर्ट विचारणारच. तरी उल्लंघन रोज नव्याने चालू आहे, त्यामुळे नुसत्या उशिराने मनाई पूर्ण नाकारली जाईलच असं नाही. मी उत्तरात लिहीन की जाहिरातीवर लगेच मनाई, आणि ट्रॅकबाबत कोर्ट कदाचित सगळं बंद करण्यापेक्षा मिळणारे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून हिशोब द्यायला सांगेल.

दावा लावायच्या आधी कंपनीला आणखी एक रस्ता होता, साइटला तक्रार द्यायची. कॉपीराइट नियम २०१३ प्रमाणे ठरलेल्या तपशिलांची लेखी तक्रार आली की ३६ तासांत सामग्री थांबवायची, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ती परत सुरू करता येते. सप्टेंबरमध्येच हे केलं असतं तर उशिराचा मुद्दाच आला नसता.

पैशांत कलम ५५ खाली नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशोब, दोन्ही एकदम नाही, वादीने एक निवडायचं. नुकसानभरपाई निवडली तर साधा मापदंड म्हणजे कंपनीने असं सॅम्पल कितीला दिलं असतं. कंपनीचा एखादा जुना लायसन्सचा कागद असेल तर तोच पुरावा, नसेल तर १० लाख हा आकडा नुसता आकडा आहे. हिशोब निवडला तर डीजेची एकूण कमाई १,६५,०००, त्यातून खर्च वजा, आणि मग वाटणी, कारण रॅप त्याचा, बीट त्याचा, मिक्सिंग त्याचं. ते बाजूला ठेवलेलं ४४ टक्के इथे सुरुवात म्हणून वापरा, हुकचं मोल सेकंदांपेक्षा जास्त म्हणून वर न्या, पण त्या सॅम्पलच्या वाट्यातही रेकॉर्डिंग, शब्द आणि चाल असे तीन हिस्से आहेत आणि कंपनीचा एकच. माझ्या अंदाजाने रक्कम दहा लाखांच्या जवळपासही जात नाही.

डीजे म्हणेल मला माहीत नव्हतं. कलम ५५ चा परंतुक, म्हणजे त्या कलमाला जोडलेला अपवाद, अशा माणसाला नुकसानभरपाईतून वाचवतो, पण अट काय आहे ते वाचा: कृतीत कॉपीराइट आहे हेच माहीत नव्हतं आणि तसं मानायला कारणही नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. परवानगी कुणाकडून घ्यायची यात गोंधळ झाला हे वेगळं. कॅसेटच्या कव्हरवर सर्व हक्क राखीव छापलेलं, आणि परवानगीसाठी पैसे पाठवणाऱ्याला हक्क आहेत हे माहीतच होतं. परंतुक लागत नाही.

फौजदारीत मात्र तेच ५,००० त्याच्या बाजूने उभे राहतात. कलम ६३ ला जाणूनबुजून केलेलं उल्लंघन लागतं, शिक्षा ६ महिन्यांपासून ३ वर्षं आणि दंड ५०,००० पासून २ लाख, आणि निट प्रो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, म्हणजे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. नोव्हेंबरच्या नोटिशीआधी त्याची प्रामाणिक समजूत होती असं म्हणता येतं. नोटिशीनंतर ट्रॅक तसाच ठेवला तर ती समजूत रोज पातळ होत जाते. ही तारीख आखून उत्तर दोन भागांत लिहा.

कवीच्या मुलीचा मुद्दा कलम ५७ चा, म्हणजे लेखकाच्या नावाच्या आणि मानाच्या हक्काचा. वडिलांचं नाव कुठेच नाही, ही तक्रार सरळ आहे आणि टिकेल. ओळीची पिच वर नेऊन ती विद्रूप केली ही तक्रार टिकायला त्यामुळे कवीच्या मानाला किंवा प्रतिष्ठेला धक्का बसतो हे दाखवावं लागेल, नुसतं आम्हाला आवडलं नाही चालत नाही. आणि हे कलम टीका सहन न होणाऱ्याच्या हातातलं हत्यार होऊ नये असं मला फार वाटतं, कडव्यात नातवाने आज्याचं दुःख सांगितलंय, कवीची बदनामी केलेली नाही.

जे तिचं नाही त्यासाठीही कंपनीने धमकी दिली, म्हणून कलम ६० खाली निराधार धमकीविरुद्ध डीजे उलट दावा लावू शकतो का? नोव्हेंबर ते मार्च या काळात लावला असता तर शब्द आणि चालीपुरता वाद चांगला होता. आता कंपनीने दावा चालवायला घेतलाय, आणि धमकी देणाऱ्याने वाजवी तत्परतेने उल्लंघनाचा दावा लावला तर हे कलम लागत नाही. चार महिने ही वाजवी तत्परता आहे का, आणि लावलेला दावा रेकॉर्डिंगपुरताच टिकत असेल तर बाकी धमकीचं काय, एवढीच फट उरते.

प्रश्नाचा शेवटचा उपभाग असतो: डीजेने कॅसेट न कापता हलगीवाला बोलावून आणि दुसऱ्या मुलीकडून तीच ओळ गाऊन घेतली असती तर? कंपनी पूर्ण बाहेर. कलम १४(ई) तेच रेकॉर्डिंग सामावण्याबद्दल आहे, त्याच्यासारखा आवाज नव्याने काढण्याबद्दल नाही. पण ओळ कवीची आणि चाल संगीतकाराचीच राहते, म्हणजे आता दावा मुलगी आणि संगीतकार लावतील, आणि टीकेचा तोच बचाव, तेच दोन लूप आणि बारा लूप, त्यांच्यासमोर परत मांडावा लागेल.